दुपारचा डोस मॅडमच्या गळ्यात कशाला?

"मॅडम, मुलीचा कान दुखतोय. मधल्या सुट्टीत जेवणानंतर औषध द्या. बाटली दप्तरात आहे. थंड जागी ठेवा. काही त्रास वाटला तर फोन करा."

शाळेच्या डायरीत अशी चिठ्ठी तुमच्यापैकी अनेकींनी लिहिली असेल. वाचताना त्यात काही चूक आहे असं वाटत नाही. पण मॅडमच्या जागी बसून वाचून बघा. कोणतं औषध? किती? जेवण साडेबाराला की मुलीने डबा अर्धा टाकून दिला तरी? थंड जागा म्हणजे माठाशेजारी, खिडकीत की फ्रिजमध्ये? आणि "काही त्रास" म्हणजे नेमका कुठला, की ज्याच्यासाठी चाळीस मुलांचा वर्ग सोडून फोन करायचा?

ही चिठ्ठी अपुरी आहे, पण तिचा दोष मी आईला देणार नाही. आईला जे सांगितलं गेलं तेवढंच तिने लिहिलं. माझा रोख चिठ्ठीच्या आधीच्या कागदाकडे आहे, म्हणजे डॉक्टरच्या प्रिस्क्रिप्शनकडे. त्यावर सवयीने १-१-१ लिहिलं जातं आणि मधला "१" कुठे, कोण, कसा देणार हे कोणी विचारत नाही. माझं स्पष्ट मत सांगतो. शाळकरी मुलाला लिहून दिलेला अँटिबायोटिकचा दुपारचा डोस बहुतेक वेळा टाळता येतो. जो खरोखर टाळता येत नाही, त्याची चिठ्ठी लिहिण्याचं काम आईचं एकटीचं नाही.

आधी वरच्या चिठ्ठीचं पुढे काय झालं ते सांगतो. मुलगी दुसरीतली, वजन २० किलो. कान दुखून फुटला होता, पू येत होता, म्हणजे अँटिबायोटिक देण्याचा निर्णय योग्यच होता. (साध्या सर्दी-खोकल्याला तीन वेळाही नको आणि एक वेळाही नको, पण तो वेगळा विषय.) दुसऱ्या एका दवाखान्यात तिला अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड यांचं मिश्र सिरप मिळालं. साडेसात मिली, तीन वेळा, सात दिवस. सोमवारी शाळा. मॅडमनी पहिल्या दिवशी आठवणीने औषध दिलं, बाटलीच्या झाकणाने मोजून. बाटली मात्र दप्तरातच राहिली, कारण शाळेत फ्रिज नव्हता आणि चिठ्ठीत फ्रिजचा उल्लेखही नव्हता. तिसऱ्या दिवशी मुलीला पातळ शी व्हायला लागली. तिने तासाला दोनदा हात वर केला, तिसऱ्यांदा केला तेव्हा मॅडमना वाटलं की पोरगी वर्गातून पळायला बघते. "आता सुट्टी झाल्यावर जा." पुढचं सांगायला नको. सात वर्षांची मुलगी, सगळ्या वर्गासमोर. दुसऱ्या दिवसापासून तिने शाळेचं नाव टाकलं. आईला वाटलं औषधानेच सगळं झालं, म्हणून तिने औषध बंद केलं. पाचव्या दिवशी दोघी माझ्याकडे आल्या तेव्हा कान वाहतच होता.

मॅडम वाईट नव्हत्या. हे औषध घेणाऱ्या मुलांना पातळ शी होणं ही अगदी ठाऊक असलेली, रोजची गोष्ट आहे. ती फक्त त्या मॅडमना ठाऊक नव्हती, कारण त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. "शी लागली म्हणाली तर लगेच सोडा" हे एक वाक्य चिठ्ठीत असतं तर ही वेळ आली नसती.

आता मूळ मुद्दा. हा दुपारचा डोस तिला लागतच नव्हता.

या मिश्र औषधाची सिरपं बाजारात वेगवेगळ्या ताकदीची मिळतात आणि त्यांतला फरक फक्त ताकदीचा नाही, प्रमाणाचाही आहे. बाटलीवर १५६.२५ हा आकडा असतो, म्हणजे पाच मिलीत १२५ मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन आणि ३१.२५ मिलिग्रॅम क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड. चारास एक असं हे प्रमाण. हे सिरप दिवसातून तीन वेळा द्यायचं. दुसऱ्या बाटलीवर ४५७ लिहिलेलं असतं, म्हणजे पाच मिलीत ४०० आणि ५७. सातास एक. हे मुद्दाम दिवसातून दोनदा देण्यासाठीच बनवलेलं आहे. पोट बिघडवण्यात मोठा वाटा असतो तो या दुसऱ्या घटकाचा, क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिडचा. म्हणून सातास एक प्रमाणाचं सिरप दोनदा दिलं तर मुलांना जुलाब कमी होतात.

आपल्या मुलीचा हिशेब करून बघा. साडेसात मिली तीन वेळा म्हणजे दिवसाला सुमारे ५६० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन आणि १४० मिलिग्रॅम क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड. त्याऐवजी ४५७ चं सिरप पाच मिली दोनदा दिलं तर अमॉक्सिसिलिन ८०० मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे ४०, जे तिच्या कानाला हवंच होतं. आणि क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड ११४ मिलिग्रॅम. कामाचं औषध जास्त, पोट बिघडवणारं कमी, डोस दोन आणि दोन्ही घरी. सात दिवसांना ३० मिलीच्या सहा बाटल्यांऐवजी तीन पुरतात. यात कोणाचा तोटा आहे ते मला सांगा.

"पण डॉक्टर, तीन वेळा म्हणजे जास्त जोरदार ना?" हा प्रश्न मला हमखास येतो. तर नाही. अमॉक्सिसिलिनसारखी औषधं जंतूंवर काम करतात ती रक्तात एका पातळीच्या वर किती वेळ टिकली यावर. एका वेळेला थोडं जास्त दिलं की ती पातळी जास्त वेळ टिकते, म्हणून दिवसाचं तेवढंच किंवा थोडं जास्त औषध दोन भागांत देता येतं. लहान मुलांच्या न्यूमोनियासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ पासून साधं अमॉक्सिसिलिन दिवसातून दोनदाच सुचवलं आहे. स्ट्रेप्टोकॉकसने घसा सुजला असेल तर तेच औषध दिवसातून एकदा किंवा दोनदा पुरतं, फक्त पूर्ण दहा दिवस द्यावं लागतं. न्यूमोनियाला दोनदा चालतं आणि कानाला तीनदाच हवं, हे कसलं शास्त्र?

मग १-१-१ का लिहिलं जातं? हाताला वळण पडलंय म्हणून. पूर्वी दुपारचा डोस घरी देणारं कोणीतरी असायचं, आणि सकाळी सातला भरणारी शाळा साडेबाराला सुटायची. आता आई नोकरीवर, आजी गावाला. शाळांच्या वेळाही बदलल्या. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं राज्य सरकारने २०२४ मध्ये सांगितलं. मुलांच्या झोपेसाठी ते चांगलंच झालं, पण जिथे ते अमलात आलं तिथे लहान वर्गांची मधली सुट्टी आणि दुपारचा डोस एकाच वेळेला येऊन भिडले. प्रिस्क्रिप्शन मात्र जुन्याच घड्याळावर चाललंय. शाळेची वेळ विचारायला डॉक्टरला दहा सेकंद लागतात. ती दहा सेकंद वाचवायची म्हणून आई, मॅडम आणि मूल या तिघांना सात दिवस कामाला लावायचं, याला मी आळस म्हणतो.

त्यामुळे दवाखान्यातून उठायच्या आधी तुम्ही विचारा: "मूल नऊ ते चार शाळेत असतं. हेच औषध दोनदा देता येईल का?" बऱ्याचदा येतं. नाही म्हणाले तर दुसरा प्रश्न: "शाळेत जायच्या आधी, शाळेतून आल्याबरोबर आणि झोपताना असं दिलं तर चालेल का?" सकाळी सात, दुपारी सव्वाचार, रात्री साडेनऊ. तीन वेळा म्हणजे काट्यावर मोजून आठ-आठ तास असं बहुतेक औषधांना लागत नाही. दोन डोसांत किमान चार तासांचं अंतर असलं की झालं. एक मात्र स्वतःच्या मनाने करू नका: दुसऱ्या ताकदीची बाटली आणून जुन्याच मिलीने देणं. १५६.२५ चे साडेसात मिली आणि ४५७ चे साडेसात मिली यांत औषध तिपटीहून जास्त बदलतं. केमिस्टने "हेच आहे, फक्त कंपनी वेगळी" म्हणून बाटली बदलली तरी आधी आकडा बघा, मग पैसे द्या.

जेव्हा दुपारचा डोस खरंच लागतो

असे आजार आहेत, पण थोडे. त्यातलं एक उदाहरण घेतो, कारण तिथे दुपारचा डोस चुकवून चालत नाही.

आठ वर्षांचा मुलगा, याचंही वजन २० किलो. गुडघ्याजवळच्या हाडात पू झाला होता. रुग्णालयात शिरेतून औषध घेऊन ताप गेला, पाय हलायला लागला, आणि पुढचे काही आठवडे तोंडावाटे औषध द्यायचं ठरलं: सेफालेक्सिन ५०० मिलिग्रॅम, दिवसातून चार वेळा. मूल आता हसतं-खेळतं आहे, त्याला घरी बसवून ठेवण्यात अर्थ नाही, म्हणून ते शाळेत जाणार. पण सेफालेक्सिन रक्तातून फार लवकर निघून जातं, साधारण तासाभरात निम्मं होतं. हाडासारख्या अवघड जागी बसलेल्या जंतूंना मधे फार वेळ मोकळीक द्यायची नाही. डोसच्या वेळा ठरल्या सकाळी साडेसहा, दुपारी साडेबारा, संध्याकाळी साडेपाच आणि रात्री साडेदहा. साडेबाराचा डोस शाळेतच पडणार.

इथे पहिला प्रश्न येतो साठवणीचा. मुलांची बरीच अँटिबायोटिक सिरपं बाटलीत कोरडी पावडर म्हणून येतात. ती घरी उकळून गार केलेल्या पाण्यात किंवा सोबत दिलेल्या पाण्यात, बाटलीवरच्या खुणेपर्यंत कालवायची असतात. पाणी टाकून हलवलं की पातळी खाली बसते, म्हणून पुन्हा खुणेपर्यंत भरावं लागतं. ते राहिलं तर प्रत्येक चमचा गरजेपेक्षा दाट जातो. एकदा पाणी पडलं की औषधाचं आयुष्य मोजकं उरतं. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिडचं सिरप कालवल्यावर फ्रिजमध्येच ठेवायचं, २ ते ८ अंशांत, आणि साधारण सात दिवसांनी टाकून द्यायचं. सेफालेक्सिनचं कालवलेलं सिरपही फ्रिजमध्येच. फ्रिजमध्ये म्हणजे खालच्या कप्प्यात. फ्रीझरमध्ये नाही आणि दारातल्या कप्प्यातही नको, कारण दार शंभर वेळा उघडतं. अझिथ्रोमायसिनचं सिरप मात्र फ्रिजबाहेर चालतं, आणि ते दिवसातून एकदाच द्यायचं असल्यामुळे शाळेत न्यायचा प्रश्नच येत नाही. म्हणून "अँटिबायोटिक आहे, फ्रिजमध्ये टाका" असा सरसकट नियम नाही. बाटलीवरचं बारीक अक्षर वाचायचं किंवा केमिस्टला वाचून दाखवायला सांगायचं.

कालवलेली बाटली दप्तरातून रोज नेणं-आणणं मला अजिबात पसंत नाही. व्हॅनमध्ये एप्रिलच्या उन्हात अर्धा तास, वर्गात चार तास, परत अर्धा तास. असं औषध एका दिवसात विष होत नाही, पण हळूहळू त्याची ताकद जाते आणि चेहऱ्यावरून ते कळत नाही. रंग पिवळट-तपकिरी झाला, वास बदलला किंवा हलवूनही गुठळी मोडत नसेल तर बाटली फेकायचीच. पण दिसायला ठीक आहे म्हणून औषध ठीक आहे असंही नाही. शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीत फ्रिज असेल तर शाळेसाठी वेगळी बाटली ठेवा. तीही दप्तरातून न पाठवता स्वतः नेऊन द्या. गोड आणि गुलाबी औषध दप्तरात असलं की बाकावरच्या मित्रालाही "जरा चव" मिळते.

फ्रिज नसेल, आणि आपल्या बहुतेक शाळांत नसतोच, तर सिरपचा हट्ट सोडा. पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या मिळतात, पाकिटावर डीटी लिहिलेलं असतं. त्यांना फ्रिज लागत नाही, मोजायची भानगड नाही, सांडत नाहीत. या मुलाला आम्ही २५० च्या दोन डीटी गोळ्या असा डोस ठरवला. केमिस्टला फक्त एवढं सांगा की पट्टी कात्रीने कापून सुट्या गोळ्या देऊ नका. कापलेल्या तुकड्यावर नाव राहतं तर तारीख जाते, तारीख राहते तर ताकद जाते, आणि मॅडमच्या हातात नुसती चंदेरी चकती उरते. ती कशाची आहे हे त्यांनी कसं ओळखायचं?

चिठ्ठी अशी लिहा

त्या मुलाच्या आईने मग जी चिठ्ठी दिली ती जवळजवळ तशीच खाली देतो. मजकूर आम्ही दोघांनी दवाखान्यात बसून ठरवला. लिहायला दहा मिनिटं लागली.

"आदरणीय वर्गशिक्षिका मॅडम यांस, सा. न. वि. वि.

माझा मुलगा (पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी) याच्या पायाच्या हाडाला जंतुसंसर्ग झाला होता. तो आता बरा आहे आणि त्याच्यापासून इतर मुलांना काही लागण होत नाही. त्याला (तारीख) ते (तारीख) शाळेच्या प्रत्येक दिवशी दुपारी साडेबारा वाजता औषध द्यायचं आहे. बाकीचे डोस मी घरी देते.

औषधाचं नाव सेफालेक्सिन, २५० मिलिग्रॅमची विरघळणारी गोळी. एका वेळी दोन गोळ्या. सोबतच्या छोट्या कपात दोन चमचे पिण्याचं पाणी घेऊन त्यात गोळ्या पूर्ण विरघळू द्याव्यात आणि लगेच पाजावं. कपाला लागलेलं औषध थोडं पाणी घालून तेही पाजावं. जेवण झालं नसलं तरी चालेल, वेळ पाळणं जास्त महत्त्वाचं.

गोळ्यांची अखंड पट्टी, कप आणि वही पिशवीत घालून मी स्वतः आपल्याकडे देत आहे. पिशवी आपल्या कपाटात, ऊन आणि ओल लागणार नाही अशी ठेवावी. फ्रिजची गरज नाही. मुलाकडे देऊ नये. डोस दिल्यावर वहीत तारीख, वेळ आणि सही करावी. एखाद्या दिवशी राहून गेलं तर तसंच लिहावं, मला राग येणार नाही. राहिलेला डोस मी तो घरी आल्यावर बघेन. आपण दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नये.

त्याला पातळ शी होण्याची शक्यता आहे. तो म्हणाला तर कृपया लगेच जाऊ द्यावं. जादाची चड्डी आणि पँट पिशवीत आहे. औषधानंतर उलटी झाली तर डोस पुन्हा न देता मला फोन करून किती वेळाने झाली ते सांगावं. अंगावर नुसते लाल डाग किंवा पित्त उठलं आणि बाकी तो ठीक असला तरी पुढचा डोस देऊ नये आणि मला लगेच फोन करून त्याला नजरेसमोर बसवावं.

ओठ, जीभ किंवा डोळे सुजले, आवाज बसला, श्वास लागला, छातीत सू-सू वाजायला लागलं, पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या किंवा तो गळून पडला, तर आधी १०८ ला फोन करावा, मग मला. त्याला आडवं झोपवून पाय थोडे वर ठेवावेत. श्वास लागत असेल तर टेकून बसू द्यावं, पण उभं करू नये, चालवू नये. तोंडाने काही देऊ नये.

त्याने हे औषध रुग्णालयात आणि घरी आधी घेतलं आहे, त्रास झालेला नाही. माझा फोन, त्याच्या बाबांचा फोन आणि डॉक्टरांचा फोन खाली दिला आहे. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत जोडली आहे. औषध देण्यास माझी संमती आहे.

आपली नम्र (सही, तारीख)"

चिठ्ठी लांब आहे हे मला मान्य आहे. पण मॅडमना ती रोज वाचायची नाही, एकदा वाचायची आहे. कपाटाच्या दाराला आतून चिकटवली तर त्यांच्या गैरहजेरीत बदली शिक्षकालाही चालेल. सिरप असेल तर दोन गोष्टी बदला: "बाटली फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावी, अमुक तारखेनंतर वापरू नये" आणि "बाटली नीट हलवून, सोबतच्या सिरिंजने अमुक मिलीच्या खुणेपर्यंत". तुमच्या हाताने त्या खुणेवर पेनाने रेघ मारा. घरातला चमचा पाठवू नका. कुठलाही "एक चमचा" पाच मिली असतो ही आपली समजूत आहे, चमच्याची नाही. आणि मिश्र औषध असेल तर "वेळ महत्त्वाची" ऐवजी "डबा खायला सुरुवात करताना" लिहा, कारण ते अन्नासोबत पोटाला कमी त्रास देतं.

या चिठ्ठीत मी सर्वांत जास्त भांडलो तो शेवटून तिसऱ्या परिच्छेदासाठी. आई म्हणाली, "एवढं लिहिलं तर मॅडम घाबरतील आणि औषध देणारच नाहीत." भीती खरी आहे. अशी जोरदार अ‍ॅलर्जी क्वचितच येते, पण येते तेव्हा बऱ्याचदा काही मिनिटांत ते तासाभरात येते, म्हणजे नेमकी वर्गात. तिचा इलाज मांडीत दिलेलं अ‍ॅड्रेनालीनचं इंजेक्शन हाच आहे आणि ते लवकरात लवकर मिळायला हवं. शाळेच्या पेटीतली पित्ताची गोळी देऊन "बघू पाच मिनिटं" करण्यात ती वेळ जाते. नुसतं "काही त्रास झाला तर फोन करा" असं लिहिलं की मॅडम आधी आईला फोन लावतात, आई मीटिंगमध्ये असते, मग बाबांना लावतात, आणि १०८ चा नंबर लागतो चौथा. म्हणून क्रम लिहायचाच. भीती कमी करायची असेल तर दुसरी गोष्ट करा. कुठल्याही नव्या अँटिबायोटिकचा पहिला डोस शाळेत कधीच देऊ नका. पहिला दिवस घरी, तुमच्या डोळ्यांसमोर जाऊ द्या. त्याने धोका शून्य होत नाही, पण मॅडमवरची पहिली परीक्षा टळते.

"आमच्या शाळेत औषध दिलं जात नाही"

असं सांगणाऱ्या शाळांशीही मला भांडायचं आहे, पण जरा जपून. जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकी शाळेत एक बाई दोन वर्ग, पोषण आहार आणि सरकारी माहितीचे तक्ते एकटी ओढत असते. तिच्या हातात आकड्यांशिवाय बाटली देणं हा तिच्यावर अन्याय आहे, आणि ती नाही म्हणाली तर मी तिच्या बाजूचा आहे. पण भरभक्कम फी घेणारी, दारात सुरक्षारक्षक ठेवणारी शाळा सरसकट "नियम आहे" म्हणते, तेव्हा तिच्या नियमाने डोस बंद होत नाही. तो मुलाच्या दप्तरात लपून शाळेत जातो आणि आठ वर्षांचं मूल संडासात जाऊन स्वतः घेतं किंवा घेत नाही. नाहीतर आई रोज साडेबाराला अर्ध्या दिवसाची रजा टाकून फाटकाशी उभी राहते. शाळेने डॉक्टरची चिठ्ठी मागावी, पालकांची लेखी संमती मागावी, मूळ पाकीट मागावं. हे सगळं मागण्याचा तिला हक्क आहे. मिळाल्यावर नाही म्हणण्याचं कारण तिने सांगावं.

आणि डॉक्टरची चिठ्ठी मागितली की ती द्यायला डॉक्टरने कुरकुर करू नये. नाव, वजन, औषध, ताकद, मात्रा, वेळ, शेवटची तारीख, सही, शिक्का, फोन नंबर. दोन मिनिटांचं काम. जो डॉक्टर ही चिठ्ठी लिहायला तयार नाही त्याने दुपारचा डोसही लिहू नये. गंमत अशी की चिठ्ठी लिहायला बसलं की बऱ्याच डॉक्टरांना आपोआप आठवतं, अरे, हे तर दोनदाही देता येईल.

शेवटचा डोस झाला की पिशवी स्वतः जाऊन परत आणा आणि वही बघा. मधे किती दिवस राहिले ते पुढच्या तपासणीला डॉक्टरांना दाखवा, लपवू नका. औषध लागू पडलं नाही की घेतलंच गेलं नाही, हे आम्हाला त्यावरूनच कळतं. शाळेत उरलेलं कालवलेलं सिरप पुढच्या आजारपणासाठी घरच्या फ्रिजमध्ये जाता कामा नये. गोळ्या उरल्या असतील तर कोर्स खरंच पूर्ण झाला का ते आधी मोजा, मग डॉक्टरांना विचारा.